झूमवरचा मोठा वर्ग: कोणाला कोणते अधिकार द्यायचे आणि गोंधळ झाला तर आधी काय दाबायचं

दोनशे-अडीचशे मुलांच्या ऑनलाइन वर्गात कोणीतरी मोठ्याने गाणं लावतं किंवा स्लाइडवर रेघोट्या ओढतं. मग शिकवणारी व्यक्ती शिकवणं थांबवून सहभागींच्या यादीत नावं शोधू लागते, आणि तोवर चॅट भरून वाहतं. अशा वेळी चूक बहुतेकदा त्या मिनिटातली नसते. मुलं आत येण्याआधी जे अधिकार बंद करायचे होते ते उघडे राहिलेले असतात, आणि को-होस्टला नेमकं काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं.

या लेखात एकच उदाहरण धरून पुढे जाऊ. वर्ग सकाळी ९ वाजता, विद्यार्थी २४०, शिकवणारी एक व्यक्ती आणि मदतीला दोघं. प्लॅटफॉर्म झूम. मीट आणि टीम्स वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे भूमिकांची नावं ओळखीची वाटली तरी अधिकार वेगळे आहेत.

## टप्पा १: कोण काय करू शकतं हे आधी नीट समजून घ्या

होस्ट एका वेळी एकच असतो. सगळ्यांसाठी मीटिंग संपवणं आणि दुसऱ्याला को-होस्ट करणं ही दोन कामं फक्त त्याच्याच हातात असतात.

को-होस्ट जवळजवळ सगळं करू शकतो. कोणालाही म्यूट करणं, बाहेर काढणं, प्रतीक्षागृहातून आत घेणं, नाव बदलणं, चॅट बंद करणं, स्क्रीन शेअर थांबवणं हे सगळं त्याला जमतं. मात्र त्याला मीटिंग सुरू करता येत नाही आणि तिसऱ्याला को-होस्टही करता येत नाही. होस्टने वर्ग सुरू केल्यावर, तो माणूस आत आल्यानंतरच त्याला ही भूमिका मिळते. त्यामुळे तुमचंच नेट बंद पडलं आणि वर्ग सुरूच झाला नाही, तर बाहेर थांबलेला मदतनीस काही करू शकत नाही. त्यासाठी मीटिंग ठरवतानाच त्याचं नाव `Alternative Hosts` या रकान्यात घालावं लागतं, म्हणजे तुमच्याशिवायही तो वर्ग सुरू करू शकतो. या दोन भूमिकांची गल्लत फार होते. एका मदतनिसाला तरी `Alternative Host` करून ठेवाच.

सहभागीला काय करता येतं हे पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्ही काहीच ठरवलं नाही तर तो स्वतःचा माइक चालू करू शकतो, नाव बदलू शकतो, सगळ्यांना चॅट पाठवू शकतो, आणि खात्याची सेटिंग तशी असेल तर स्क्रीनही शेअर करू शकतो. गोंधळाला एवढं पुरेसं आहे.

वर्ग चालू असताना होस्टचं नेट गेलं, तर होस्टपण आपोआप को-होस्टकडे जातं. वर्गात एक तरी भरवशाचा को-होस्ट सतत हवा, याचं हे मोठं कारण.

सावधान: होस्ट-की हा सहा किंवा जास्त अंकी आकडा ज्याच्याकडे असेल तो होस्टपण मागू शकतो. तो मदतनिसांच्या ग्रुपमध्ये टाकून ठेवू नका आणि स्क्रीन शेअर करताना प्रोफाइलचं पान उघडं ठेवू नका.

## टप्पा २: लिंक अशी बनवा की फुटली तर कळेल

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. बाकीचे टप्पे यापुढे किरकोळ आहेत.

बहुतेकांचा भर पासकोडवर असतो. पण वर्गात घुसणारा परका बहुतेकदा मीटिंग आयडी अंदाजाने शोधून येत नाही, त्याला आतल्याच कोणीतरी बोलावलेलं असतं. बिंगहॅम्टन आणि बोस्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा घुसखोरीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. तेव्हा आढळलं की बहुतेक बोलावणी लिंक आधीच हातात असलेल्यांनी, विशेषतः शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी, दिली होती. लिंक देताना पासकोडही दिला जातो, आणि वर्गातल्या एखाद्या खऱ्या मुलाचं नाव लावून ये, असंही सांगितलं जातं. म्हणजे पासकोड निरुपयोगी, आणि नावं बघून आत घेणारं प्रतीक्षागृहही अर्धं निकामी. प्रत्येकाला स्वतंत्र लिंक देणं हाच त्यांच्या मते खरा उपाय. त्यामुळे तयारीचा बराच वेळ इथे गेला तरी चालेल.

झूममध्ये हे दोन प्रकारे साधतं.

संस्थेची खाती असतील तर: मीटिंग ठरवताना `Require authentication to join` चालू करा आणि फक्त संस्थेच्या ईमेल डोमेनला परवानगी द्या. बाहेरच्याकडे लिंक गेली तरी त्या डोमेनचं खातं नसेल तर तो आत येऊ शकत नाही.

खाती नसतील तर: नोंदणी ठेवा. त्यासाठी सशुल्क खातं लागतं.

१. मीटिंगला ठरावीक दिवस आणि वेळ द्या. `No Fixed Time` ठेवलेल्या मीटिंगला किंवा तुमच्या कायमच्या पर्सनल मीटिंग आयडीला नोंदणी लावता येत नाही. पर्सनल आयडी वर्गासाठी वापरूच नका. तो बदलत नाही, म्हणून एकदा फुटला की पुढच्या सगळ्या वर्गांचं दार उघडं राहतं.

२. `Registration` समोर `Required` निवडा. वर्ग रोज भरणार असेल तर एकदाच नोंदणी करून सगळ्या दिवशी येता येईल असा पर्याय घ्या, नाहीतर मुलं दुसऱ्याच दिवशी कंटाळतील आणि एकमेकांच्या लिंका वापरू लागतील.

३. मीटिंग जतन झाल्यावर तिच्या पानावर खाली `Registration` मध्ये `Approval` उघडा आणि `Manually Approve` निवडा. इथेच सगळ्यात जास्त घसरतात. `Automatically Approve` ठेवलं तर नोंदणीची लिंक मिळालेला कोणीही परका पाच सेकंदांत स्वतःची वैयक्तिक लिंक मिळवतो, आणि स्वतंत्र लिंकेचा फायदा शून्यावर येतो.

४. त्याच जागी एकाच लिंकेने अनेक उपकरणांवरून येण्याची परवानगी काढून टाका.

५. नोंदणीच्या अर्जात हजेरी क्रमांकाचा प्रश्न घाला. नाव कोणीही टाकेल, पण नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवणं परक्याला अवघड जातं. २४० अर्ज यादीशी ताडून मंजूर करायला एका माणसाचे तासभर जातील, पण तो तास एकदाच जातो.

याचा उपयोग फुटलेल्या लिंकेच्या वेळी दिसतो. कोणाच्या नोंदणीवरून परका आत आला हे कळतं, आणि फक्त तेवढी नोंदणी रद्द केली की ती लिंक मरते. बाकीच्या २३९ जणांना नवी लिंक पाठवावी लागत नाही.

तपासा: एखाद्या विद्यार्थ्याची लिंक दोन फोनवर एकाच वेळी उघडून बघा. दोन्हीकडे वर्ग दिसला तर चौथी पायरी राहिली आहे.

## टप्पा ३: वर्गाच्या आदल्या दिवशी खात्यातल्या सेटिंग

झूमच्या वेबसाइटवर लॉगिन करून `Settings` मध्ये जा. हे एकदा केलं की पुढच्या मीटिंगांना लागू राहतं.

स्क्रीन शेअरसाठी `Who can share?` समोर होस्टचा पर्याय ठेवा. को-होस्टला तरीही शेअर करता येतं, तेव्हा मदतनिसांची अडचण होत नाही. त्याखालच्या `Annotation` मध्ये फक्त शेअर करणाऱ्यालाच लिहिता येईल असं करा. स्लाइडवर रेघोट्या ओढल्या जाण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा ही एकच उघडी राहिलेली खूण असते.

`Allow removed participants to rejoin` बंद आहे याची खात्री करा. एरवी ती बंदच असते, पण चुकून बाहेर काढलेल्या मुलाला परत घेता यावं म्हणून कोणीतरी ती कधीकाळी चालू केलेली असते आणि तशीच राहते. चालू असेल तर बाहेर काढलेला माणूस अर्ध्या मिनिटात परत येतो. बंद ठेवल्यावर एक गैरसोय मात्र होते. चुकीच्या मुलाला काढलं तर तोही परत येऊ शकत नाही. म्हणून शंका असेल तर `Remove` न करता प्रतीक्षागृहात पाठवा, तिथून त्याला परत घेता येतं.

चॅटमधून फाइल पाठवण्याची सोय बंद करा. `Join before host` बंद आणि प्रतीक्षागृह म्हणजे `Waiting Room` चालू ठेवा. `Co-host` आणि `Focus mode` चालू करा, नाहीतर वर्गात हे पर्याय दिसणारच नाहीत आणि ऐनवेळी शोधाशोध होईल.

मोफत खात्यात १०० जण आणि ४० मिनिटं एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे २४० जणांचा हा वर्ग त्यात बसत नाही. तुमच्या खात्याची क्षमता किती आहे ते आजच बघा. १०१वा विद्यार्थी बाहेर अडकला की तो मित्राच्या लिंकेने यायचा प्रयत्न करतो, आणि तिथून लिंकांची अदलाबदल सुरू होते.

## टप्पा ४: पहिली वीस मिनिटं, ८:४० ते ९:००

इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण मुलं आत आल्यावर सेटिंग बदलली तर मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन जातं.

८:४०. तुम्ही वर्ग सुरू करता. प्रतीक्षागृह चालू आहे, म्हणून आत अजून कोणी नाही.

८:४२. दोन्ही मदतनीस आत येतात. यादीत त्यांच्या नावावर जाऊन `More` आणि मग `Make co-host`. ही भूमिका देण्याआधी ओळख पटवा. तुमच्या सहकाऱ्याच्या नावाने प्रतीक्षागृहात दोन माणसं उभी राहिलेली दिसतील तेव्हा घाईत पहिल्याला को-होस्ट कराल, आणि तो एका झटक्यात संपूर्ण वर्ग म्यूट करेल किंवा मुलांना बाहेर काढत सुटेल. त्यामुळे मदतनिसाशी फोनवर बोलून, त्याचा आवाज मीटिंगमध्ये ऐकून किंवा आधी ठरवलेला शब्द चॅटमध्ये वाचून मगच भूमिका द्या. वर्ग चालू असताना एखाद्या मदतनिसाचं नेट तुटून तो परत आला, तर त्याच्या नावापुढे `Co-host` दिसतंय का हे बघा. नसेल तर तीच ओळख परत पटवून द्या.

८:४५. `Host tools` उघडा. जुन्या आवृत्तीत याचं नाव `Security` होतं. `Allow participants to` खाली शेअर, नाव बदलणं, स्वतः अनम्यूट होणं आणि व्हिडिओ, या सगळ्यांच्या खुणा काढा. चॅट सहभागींच्या यादीतून नाही, तर चॅट खिडकीतल्या तीन ठिपक्यांतून `Host and co-hosts` एवढ्यापुरतं ठेवा. एकमेकांना खाजगी संदेश पाठवण्याची मुभा नको. मुलं एकमेकांना काय लिहितात ते तुम्हाला दिसत नाही, आणि तक्रार आली तर हातात काहीच नसतं.

व्हिडिओ बंद ठेवायचा नसेल तर `Focus mode` सुरू करा. त्यात विद्यार्थ्याला स्वतःचा आणि होस्ट-को-होस्टचाच व्हिडिओ दिसतो. इतर मुलांची नावं दिसतात, चेहरे नाहीत. तुम्हाला मात्र सगळे दिसत राहतात. एखाद्याने कॅमेऱ्यासमोर काही वेडंवाकडं केलं तरी ते २४० जणांपर्यंत पोचत नाही. मोठ्या वर्गासाठी ही सोय मला व्हिडिओ पूर्ण बंद करण्यापेक्षा बरी वाटते.

८:५०. एक मदतनीस दुसऱ्या फोनवरून, विद्यार्थ्याच्या लिंकेने आत येतो आणि चार गोष्टी करून बघतो: अनम्यूट होणं, नाव बदलणं, स्क्रीन शेअर करणं, सगळ्यांना चॅट लिहिणं. चारही अडले पाहिजेत. तुमच्या स्क्रीनवर खुणा बरोबर दिसणं आणि विद्यार्थ्याच्या फोनवर त्या लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका.

८:५२. मुलांना आत घ्यायला सुरुवात. संस्थेच्या खात्यांनी येणाऱ्यांना प्रतीक्षागृहातून सूट देता येते. ती दिली असेल तर उरलेल्यांकडेच लक्ष द्यावं लागतं. सगळ्यांनाच प्रतीक्षागृहात थांबवून शेवटी `Admit all` दाबायचं असेल, तर त्या प्रतीक्षागृहाचा उपयोग शून्य आहे.

## टप्पा ५: दोन को-होस्ट, दोन वेगळी कामं

दोघांनाही सगळं बघा म्हटलं की दोघंही काहीच बघत नाहीत, किंवा दोघं एकाच मुलाला दोनदा म्यूट करतात. कामं वाटून घ्या.

पहिला दारावर. त्याच्याकडे सहभागींची यादी सतत उघडी असते. उशिरा आलेल्यांना तो यादीशी ताडून घेतो आणि एकाच नावाची दोन माणसं दिसली तर दोघांनाही प्रतीक्षागृहात पाठवून विचारतो.

दुसरा आत. तो चॅट वाचतो, वर केलेले हात बघतो आणि ज्याची पाळी आहे त्याला `Ask to Unmute` पाठवतो. प्रश्न विचारून झाला की लगेच परत म्यूट करतो. हे शेवटचं विसरलं जातं, आणि मग वीस मिनिटांनी त्या मुलाच्या घरातला टीव्ही सगळ्या वर्गाला ऐकू येतो.

तुम्ही या दोन्हीपैकी काही करायचं नाही. तुमच्याकडे गोंधळाच्या वेळचं एकच काम आहे, ते पुढे येतं.

वर्ग सुरू झाल्यावर मीटिंगला कुलूप लावावं, म्हणजे `Lock meeting` करावं, असा सल्ला नेहमी दिला जातो. दहा-बारा जणांच्या बैठकीत तो ठीक आहे. २४० जणांत दर थोड्या वेळाने कोणाचं तरी नेट तुटतं, आणि कुलूप लागलेल्या मीटिंगमध्ये तो परत येऊच शकत नाही. मग फोन सुरू होतात आणि मदतनीस कुलूप काढत-लावत बसतो. त्यापेक्षा दार प्रतीक्षागृहावर सोडा आणि ते दारावरच्याकडे द्या.

## टप्पा ६: गोंधळ सुरू झाला तर

समजा ९:२५ ला, प्रश्नोत्तरासाठी पाच मिनिटं सगळ्यांना अनम्यूट व्हायची मुभा दिली असताना, कोणीतरी गाणं लावतं आणि लगेच दुसरं कोणी शिवीगाळ करतं.

पहिली प्रतिक्रिया असते आवाज कोणाचा हे शोधण्याची. ती चूक आहे. आधी सगळं थांबवा, माणूस मागाहून सापडतो.

१. फक्त आवाजाचा त्रास असेल तर `Mute All` दाबा आणि त्याच खिडकीतली `Allow participants to unmute themselves` ही खूण काढून टाका. खूण राहिली तर तो पुढच्या सेकंदाला परत अनम्यूट होतो. हा प्रकार इतका सरसकट घडतो की कित्येकांना `Mute All` चालतच नाही असं वाटतं.

२. आवाज, चॅट आणि व्हिडिओ एकदम सुरू झाले असतील, किंवा अश्लील काही असेल, तर `Host tools` मधलं `Suspend participant activities` दाबा. सगळ्यांचे माइक, व्हिडिओ, चॅट, शेअर, स्क्रीनवरचं लिखाण आणि रेकॉर्डिंग थांबतं, ब्रेकआउट रूम बंद होतात. हे बटण शिकवणाऱ्याने स्वतः दाबावं, कारण मदतनीस तेव्हा यादीत गुंतलेले असतील. तुमचं एकमेव काम म्हणतो ते हेच.

३. यानंतर तक्रारीची खिडकी येते. नाव माहीत असेल तर निवडा. पाठवल्यावर तो माणूस बाहेर जातो आणि तक्रार झूमकडे पोचते. नाव माहीत नसेल तर ती बंद करा. अंदाजाने नाव निवडू नका.

४. आता दारावरचा यादी तपासतो. गाणं चालू असताना चालू माइक असलेली नावं यादीत वर येतात, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की आवाज आला की थांबवण्याची वाट न बघता यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा. सगळं बंद झाल्यावर माइकच्या खुणाही जातात आणि पुरावा हरवतो.

५. खात्रीच्या माणसाला `Remove`. संशयिताला प्रतीक्षागृह.

६. सुविधा एकेक करून चालू करा. आधी तुमचं स्क्रीन शेअर, मग चॅट होस्टपुरतं. अनम्यूट परत सगळ्यांना देऊ नका, उरलेला वर्ग हात वर करून चालवा. रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करायला विसरू नका, ते आपोआप सुरू होत नाही.

तपासा: पुन्हा शिकवायला लागण्याआधी विद्यार्थ्याच्या लिंकेवर आलेल्या त्या दुसऱ्या फोनवरून अनम्यूट होता येतं का बघा.

## टप्पा ७: वर्ग संपल्यावर

शिकवणारी व्यक्ती बाहेर पडताना `Leave` नाही, `End meeting for all` दाबते. नुसतं `Leave` केलं तर कोणाला तरी होस्ट करावं लागतं आणि मुलं रिकाम्या वर्गात बसून राहतात. त्यानंतर वेबसाइटवरच्या `Reports` मधून सहभागींचा अहवाल उतरवून घ्या. ९:२५ च्या आसपास कोण आत होतं, कोण ९:२३ ला आलं आणि ९:२७ ला गेलं, हे त्यात दिसतं. ज्या नोंदणीवरून गडबड झाली ती रद्द करा. त्या विद्यार्थ्याने स्वतः काही केलं असेलच असं नाही, त्याची लिंक दुसऱ्याने उचललेली असू शकते, तेव्हा रागावण्याआधी विचारा.

## मीट आणि टीम्सवर काय बदलतं

गूगल मीटमध्ये को-होस्टला होस्टची जवळजवळ सगळी नियंत्रणं मिळतात. म्हणजे तिथेही चार-पाच जणांना को-होस्ट करणं धोक्याचं. `Host management` चालू केल्याशिवाय बरेचसे निर्बंध दिसतही नाहीत, तेव्हा ते आधी चालू करा.

टीम्समध्ये भूमिका आयोजक, सहआयोजक, प्रेझेंटर आणि अटेंडी अशा आहेत. प्रेझेंटरला इतरांना म्यूट करता येतं आणि बाहेरही काढता येतं. `Who can present` मध्ये मुळात `Everyone` असेल तर प्रत्येक विद्यार्थी प्रेझेंटर असतो आणि एक मुलगा दुसऱ्याला, प्रसंगी शिक्षकालाही म्यूट करू शकतो. मीटिंगच्या पर्यायांत जाऊन ते आयोजक आणि सहआयोजकांपुरतं करा.

आणि मुलांनी फक्त ऐकायचंच असेल, मधे बोलायचं नसेल, तर मीटिंगऐवजी वेबिनार घ्या. त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, पण तिथे श्रोत्याला माइक, कॅमेरा आणि शेअर मुळातच दिलेले नसतात, त्यामुळे वरचं निम्मं काम उरत नाही.